वहिनींचा मजकूर अठरा सेकंदांत

माझ्या वहिनींनी फुलस्केपची साडेतीन पानं दोन्ही बाजूंनी भरली होती, आणि माझी पुतणी म्हणत होती की हे सगळं अठरा सेकंदांत बसवायचं. असा तंटा सोडवायला माणूस लागला की माझी आठवण होते. मी वर्तकनगरहून डोंबिवलीला दादाच्या घरी पोहोचलो, तेव्हा डायनिंग टेबलावर ती पानं, एक मोबाइल आणि मधोमध, देवासारखा, एक तीन पुडाचा स्टीलचा डबा होता.

डबा आमचा नव्हता. सगळं प्रकरण त्याचंच होतं.

तीन आठवड्यांपूर्वी, एका बुधवारी सकाळी, दादा गावाला जायला म्हणून खोपटच्या एसटी डेपोत उभा होता. रांगेतच त्याला दरदरून घाम फुटला आणि तो खाली बसला. मागे उभ्या असलेल्या एका माणसाने त्याला रिक्षात घातलं, हॉस्पिटलात नेलं, दादाचंच बोट दादाच्या फोनवर टेकवून तो उघडला आणि वहिनींना फोन केला. वहिनी डोंबिवलीहून येईपर्यंत तो माणूस तिथेच बसून होता. वहिनी काउंटरवर कागद द्यायला गेल्या, परत येतात तर खुर्ची रिकामी. नाव नाही, नंबर नाही. खुर्चीखाली पिशवी राहिलेली, पिशवीत हा डबा. भेंडीची भाजी, तीन पोळ्या, कैरीची फोड.

डॉक्टरांनी सांगितलं, अर्धा तास उशीर झाला असता तर अवघड होतं. दादा आता ठणठणीत होता आणि सोफ्यावर बसून सगळ्यांना सल्ले देत होता. वहिनी मात्र ठणठणीत नव्हत्या. ज्याने आपला नवरा परत दिला, त्याचा डबा आपल्या कपाटात पडून आहे, हे त्यांना सहन होत नव्हतं. रोज सकाळी त्या तो डबा घासायच्या. खरकटा नसलेला डबा.

"भावजी, तो माणूस सापडला पाहिजे," त्या मला म्हणाल्या. "मला झोप लागत नाही."

"सापडेल. रील टाकू ना," पुतणी म्हणाली. "पण आईचा मजकूर खालच्या कॅप्शनमध्येसुद्धा मावत नाहीये, काका. पेस्ट केला तर अ‍ॅप घेईना. आणि मावला तरी 'आणखी वाचा'वर कोण टॅप करणार? जे सांगायचं ते व्हिडिओवर लिहायला हवं. एका वेळी सात-आठ शब्द."

"सात-आठ शब्दांत मी नुसता नमस्कार करते," वहिनी म्हणाल्या.

आता माझ्याबद्दल सांगायला हवं. मी पंचवीस वर्षं हौशी नाटकांत प्रॉम्प्टर आहे. नट मी कधीच झालो नाही, कारण मला दुसऱ्यांची वाक्यं त्यांच्या आधी म्हणायची सवय आहे. पण प्रॉम्प्टिंग ही कला आहे, हसू नका. नट अडला की त्याला अख्खं वाक्य द्यायचं नसतं. दोन शब्द द्यायचे, पण असे, की बाकीचं वाक्य त्याच्या तोंडून आपोआप बाहेर पडावं. चुकीचे दोन शब्द दिलेत तर तो तुमच्याकडे बघत बसतो आणि प्रेक्षक त्याच्याकडे. त्यामुळे मजकूर कापणं म्हणजे माझ्या आवडीचं काम. मी बाह्या सरसावल्या, पेन्सिल कानावर ठेवली आणि वहिनींना म्हणालो, "वाचा. मोठ्याने."

वहिनींनी वाचलं. सुरुवात त्यांच्या लग्नापासून होती.

"वहिनी, त्या माणसाला तुमच्या लग्नाचं काय?"

"ज्याला वाचवलं तो कोण होता ते कळायला नको?"

"मी बरा माणूस होतो असं लिहिलंय का?" दादाने सोफ्यावरून विचारलं.

"तुम्ही गप्प बसा. तुम्हाला हळू बोलायला सांगितलंय."

लग्न गेलं. कुलदैवत गेलं. डॉक्टरांचे आभार गेले. त्या दिवशी वहिनींच्या हातून दुधाचं पातेलं पडलं होतं आणि त्यांना तेव्हाच कळलं होतं, तेही गेलं. प्रत्येक काटछाटीच्या वेळी वहिनी माझ्याकडे अशा बघायच्या, की जणू मी त्यांच्या कुंडीतली तुळस उपटतोय. पण मी रंगात आलो होतो. पुतणीने एक मसुदा केला होता, 'माणुसकी अजून जिवंत आहे', खाली हात जोडल्याचं चित्र आणि मागे रडकं व्हायोलिन. वहिनींनी तो एकदा बघितला.

"हे तर कोणाच्याही बाबतीत चालेल," त्या म्हणाल्या.

अगदी बरोबर. मी टाळ्या वाजवल्या. प्रॉम्प्टरचा पहिला नियम तोच. जो शब्द कुठल्याही नाटकात चालतो, तो देऊन उपयोग नाही.

तिसऱ्या पानावर मला हवं ते सापडलं. वहिनींनी लिहिलं होतं, 'तुमचा डबा माझ्याकडे आहे, आणि मी तो तुम्हाला रिकामा देणार नाही, कारण आमच्याकडे दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत.' मी पेन्सिल टेबलावर आपटली. हाच. हे वाक्य वाचून कोणत्याही मराठी बाईला कळेल, की इथे आभार मानले जातायत. वहिनी पुढे लाडवांबद्दलही चार ओळी लिहून गेल्या होत्या, पण डबा भरलेला दाखवला की लाडू लिहावे लागत नाहीत.

पुतणीने ओट्यावर डबा ठेवून व्हिडिओ घेतला. वहिनींचे हात बेसनाचे लाडू एकेक करून ठेवतायत, एवढंच. डब्याच्या तळाला 'मामाकडून' असं कोरलेलं होतं. कोणाच्या तरी लग्नातला आहेर असणार. पुतणी हुशार. "तळ दाखवायचा नाही. जो येईल त्याने सांगायचं तिथे काय लिहिलंय."

मग अक्षरं. पहिल्यांदा तिने खाली लिहिलं, तर अकाउंटचं नाव आणि कॅप्शन नेमकं त्यावरच येत होतं. उजवीकडे सरकवलं तर लाइकच्या बटणाखाली 'रिकामा' मधला 'मा' गेला. शेवटी वरच्या तिसऱ्या भागात बसलं. किती वेळ ठेवायचं यावर मी माझी पद्धत लावली. ओळ सावकाश, मोठ्याने एकदा वाचायची, आणि अर्धा श्वास घ्यायचा. तेवढा वेळ ती पडद्यावर हवी. व्हायोलिन काढलं. पुतणी म्हणाली, बरेच जण आवाज बंद करूनच बघतात, तेव्हा आवाज बंद करून समजलं पाहिजे. आम्ही चौघांनी बंद आवाजात चार वेळा बघितलं.

हा डबा कोणाचा आहे?
खोपट डेपो. बुधवारी सकाळी.
डबा न्यायला या. रिकामा देणार नाही.

मी खुशीत खुर्चीवर मागे रेललो. वहिनी मोबाइलकडे बघत राहिल्या.

"चांगलं आहे," त्या म्हणाल्या, ज्या सुरात त्या हॉटेलातली पुरणपोळी चांगली म्हणतात.

"काय राहिलं?"

"काही नाही. ज्याला डबा सापडला त्याने लिहावं तसं झालंय. हरवलेली छत्री परत करतात तसं."

पुतणीने माझ्यापुढची पानं ओढली आणि मी कापलेल्या ओळी वाचायला लागली. मला तिला थांबवायचं होतं. दुसऱ्या पानाच्या मागच्या बाजूला एक ओळ मी पेन्सिलने एकदा नाही, तीनदा खोडली होती. तिने ती उजेडाकडे धरून वाचली.

"'हॉस्पिटलच्या फॉर्मवर नातेवाइकाची सही हवी होती. नात्याच्या रकान्यात तुम्ही भाऊ लिहिलंत.' काका, हे का काढलं?"

"लांब होतं."

"हे? यापेक्षा आईच्या लाडवांच्या चार ओळी जास्त लांब होत्या. त्या तुम्ही शेवटपर्यंत ठेवलेल्या."

दादा उशी नीट करायला लागला.

त्या बुधवारी हॉस्पिटलातून त्या माणसाने दादाच्या फोनवरून आधी मला फोन केला होता. सहा वेळा. मी स्पर्धेच्या नाटकाच्या तालमीत, विंगेत, फोन बंद करून बसलो होतो. तालमीत ज्याचा फोन वाजेल त्याने सगळ्यांना वडापाव द्यायचा, हा नियम मीच केलेला. दुपारी फोन चालू केला तेव्हा दादाला खोलीत हलवून झालं होतं. वहिनी मला एका शब्दाने बोलल्या नव्हत्या. त्या ओळीतही माझ्याबद्दल एक अक्षर नव्हतं. तरी ती वाचताना मला दोन भाऊ दिसत होते, आणि सही करणारा मी नव्हतो.

"वहिनी," मी म्हणालो, "तुम्ही हे मला ऐकवायला लिहिलंत?"

"नाही हो," वहिनी खरोखर चकित झाल्या. "त्यांना कळावं म्हणून लिहिलं. फॉर्म मी पाहिलाय हे त्यांना माहीत नाही. सहीचं अक्षर लागत नाही, नावाचा रकाना कोरा, पण नातं स्पष्ट लिहिलंय. त्यांना वाटत असेल, मला फक्त रिक्षा माहीत आहे."

आणि मला एकदम दिसलं. साडेतीन पानं त्याच ओळीभोवती लिहिलेली होती. लग्न, कुलदैवत, दूध, सगळं तिथे पोहोचायला घेतलेला वळसा होता. आणि मी, पंचवीस वर्षांचा प्रॉम्प्टर, नेमका तोच शब्द गिळून बसलो होतो. मला हसूच आलं, आणि त्या हसण्यात थोडं भलतंही काही होतं, पण ते मी चहाच्या कपात लपवलं.

"लिही," मी पुतणीला म्हणालो. "'फॉर्मवर नात्याच्या रकान्यात तुम्ही भाऊ लिहिलंत.' पाच सेकंद ठेव. आणि पुढच्या ओळीत सुरुवातीला 'भाऊ' घाल. भाऊ, डबा न्यायला या."

"सहा सेकंद ठेवते," ती म्हणाली. "डेपोच्या ओळीचा एक कमी करते."

अठरा सेकंद झाले. वहिनींनी बंद आवाजात बघितलं आणि पदराने डोळे टिपले. "आता टाका," त्या म्हणाल्या.

पुढच्या दोन दिवसांत तो डबा नऊ जणांचा निघाला. एकाने लिहिलं, डबा माझा नाही पण लाडवांवर माझा हक्क आहे. एकाने तळाला आपल्या सोसायटीचं नाव कोरलंय असं ठामपणे सांगितलं. दादा प्रत्येक कमेंट वाचून दाखवायचा आणि वहिनी प्रत्येक वेळी हात पुसत बाहेर यायच्या. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, मी पुन्हा तिथेच होतो कारण मला आता घरी चैन पडत नव्हतं, पुतणीला एका बाईंचा मेसेज आला. तळाला 'मामाकडून', आणि मधल्या पुडाचं झाकण नीट बसत नाही. खाली नंबर.

पुतणीने स्पीकरवर फोन लावला. बाई कळव्याच्या.

"माझ्या लग्नातला डबा आहे तो," त्या म्हणाल्या. "मला म्हणाले एसटीत विसरला. तीन आठवडे मी बोलतेय त्यांना. जेवायला बसले की डब्यावरून, उठले की डब्यावरून. एका शब्दाने उत्तर नाही दिलं हो या माणसाने."

"सांगितलं नाही तुम्हाला?" वहिनींनी विचारलं.

"काहीच नाही. शेजारणीने रील दाखवली तेव्हा डबा ओळखला मी. बाकी काही कळलं नाही. भाऊ काय, फॉर्म काय?" बाईंचा आवाज खाली आला. "खरंच भाऊ लिहिलं त्यांनी?"

"लिहिलं. मी स्वतः पाहिलं."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"मग नीट सांगा ना सगळं," बाई म्हणाल्या. "पहिल्यापासून. यांच्या तोंडून तर निघणार नाही."

वहिनींनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांनी टेबलाच्या खणातून ती साडेतीन पानं काढली, चष्मा लावला, आणि माझ्या पेन्सिलीच्या सगळ्या रेघांवरून बोट फिरवत पहिल्या ओळीवर आणलं.

"आमचं लग्न झालं तेव्हा," त्यांनी सुरुवात केली.

"थांबा, थांबा," बाई म्हणाल्या. "गॅस बंद करून येते."