नऊ पाट्या, अठरा माणसं

माझा उजवा हात गळ्यात आला आणि मी ताईंच्या तावडीत सापडलो. हात मोडला नव्हता, नुसता मुरगळला होता, पण डॉक्टरांनी पंधरा दिवस लिफ्टला हात लावायचा नाही म्हणून बजावलं. मग मालक म्हणाले, "घरी बसून काय करतोस? ऑफिसात ये, ताईंना मदत कर." मी लिफ्टचा मेकॅनिक. खुर्चीत बसून काम करायचं म्हटलं की माझं डोकं तापतं. तसंही कंपनीत मला सगळे 'मिरची'च म्हणतात.

ताई म्हणजे आमच्या कंपनीचा टेलिफोन, घड्याळ आणि कोतवाल. कुठल्या इमारतीतली लिफ्ट बंद पडली, की फोन ताईंकडे येतो. त्या रजिस्टरमध्ये लिहितात आणि कोणाला पाठवायचं ते ठरवतात. त्यांच्या टेबलामागे एक लाकडी फळी आहे. तिच्यावर खिळ्यांना नऊ पत्र्याच्या पाट्या टांगलेल्या. प्रत्येक पाटीवर दोन टोपणनावं: बुटका-चष्मा, मामा-पैलवान, मिरची-गोगलगाय. जोडी कामावर गेली, की पाटी डावीकडून उजवीकडे जाते. परत आली की डावीकडे. बस्स, एवढाच कारभार. एकोणीस वर्षं ताईंनी तो असाच चालवलाय आणि एकही पाटी कधी चुकीच्या बाजूला राहिलेली मी पाहिली नाही.

धाकट्या मालकांना मात्र फळी बघून लाज वाटायची. त्यांनी कंपनी वडिलांकडून दोन वर्षांपूर्वी हातात घेतली होती. एके दिवशी त्यांनी ताईंसमोर लॅपटॉप ठेवला. "ताई, तक्रारी सांभाळणारं एक सॉफ्टवेअर आहे. त्यांना लिहा, डेमो दाखवा आणि भाव सांगा म्हणावं. आपण किती माणसं आणि आपल्याला काय काय हवंच, ते नीट कळवा. मला आज बाहेर जायचंय." आणि गेलेही.

ताईंनी लॅपटॉपकडे असं पाहिलं, जसं कुणी न सांगता आलेल्या पाहुण्याकडे बघावं. "मिरची, तू टाइप कर. मी सांगते."

एका हाताने टाइप करणं म्हणजे काय वैताग असतो, ते करून बघा. पहिलीच चौकट: टीममध्ये माणसं किती? ताईंनी मागे वळून फळीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "नऊ." मी नऊ दाबला. मलाही काही खटकलं नाही, कारण आमच्याकडे कुणी विचारलं, 'आज किती जण आहेत?' तर आम्ही सगळे 'नऊ'च सांगतो. पाट्या नऊ, तर आम्ही नऊ.

दुसरी चौकट: तुम्हाला कोणत्या गोष्टी हव्याच आहेत?

"लिही," ताई म्हणाल्या. "नेटवर्क नसतानाही चाललं पाहिजे. लिफ्टच्या खड्ड्यात फोनला रेंज नसते."

लिहिलं.

"सगळं मराठीत दिसलं पाहिजे. बदललेल्या पार्टचा फोटो काढता आला पाहिजे. आणि काम झाल्यावर इमारतवाल्याची सही मोबाइलवरच घेता आली पाहिजे."

"अजून काही?"

ताईंनी जरा विचार केला. "नाही. बाकी सगळं असतंच की."

फॉर्ममध्ये नमुन्यासाठी नावंही मागितली होती. मी फळीवरून बघून नऊ नावं टाकली आणि पाठवून दिलं. दुसऱ्या दिवशी तिकडून एका बाईंचा फोन आला. गोड आवाज, सरळ बोलणं. महिन्याला किती तक्रारी येतात, ऑफिसात किती जण बघणार, सगळं विचारून त्यांनी गुरुवारी अकराची वेळ दिली. आपण त्यांना डेमोवाल्या बाई म्हणू.

गुरुवारी मालक, ताई आणि मी लॅपटॉपसमोर दाटीवाटीनं बसलो. स्क्रीनवर नकाशा आला आणि त्यावर नऊ निळे ठिपके.

"हे बघा, तुमची टीम," डेमोवाल्या बाई म्हणाल्या. "समजा, एक तक्रार आली. सिस्टिम सगळ्यात जवळचा माणूस शोधते. हा बघा, बुटका-चष्मा. तो सात मिनिटांत पोहोचेल."

"पोहोचतील," ताईंनी दुरुस्त केलं.

"हो, पोहोचतील. तर बुटका-चष्मा सरांना मोबाइलवर सूचना गेली..."

"कोणाला? बुटक्याला की चष्म्याला?" ताईंनी विचारलं.

तिकडे बाईंनी स्क्रीनवरचं नाव पुन्हा वाचलं. मग म्हणाल्या, "सॉरी, हे एकच नाव आहे ना?"

"अहो, एक कसं असेल? बुटका वेगळा, चष्मा वेगळा!"

"मग... हे बुटका-चष्मा कोण?"

"जोडी!" मी ओरडलो.

माझा आवाज जरा चढला होता, मान्य. पण माझंही डोकं भंजाळलं होतं. मालक एकदा ताईंकडे, एकदा माझ्याकडे बघत होते. "एक मिनिट. तुम्ही फॉर्मवर माणसं किती लिहिलीत?"

"नऊ," ताई म्हणाल्या.

"ताई, आपल्याकडे अठरा मेकॅनिक आहेत!"

"मग? नऊच झाले ना?"

मालकांनी कपाळावर हात मारला. डेमोवाल्या बाई मात्र शहाण्या. हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "हरकत नाही. आमचा भाव माणसागणिक, महिन्याचा असतो. बाहेर फिरणाऱ्यांचा कमी, ऑफिसात बसणाऱ्याचा जास्त. मी अठरा आणि एक असा नवा भाव पाठवते." त्यांनी दोन बटणं दाबली आणि नकाशावर नऊचे अठरा ठिपके झाले.

आणि तिथेच खरा घोटाळा झाला. ते अठरा ठिपके पाहून मालकांचे डोळे चमकले. "म्हणजे एका वेळी अठरा तक्रारी? आत्ता आपण फक्त नऊ घेतो!"

"हो सर, प्रत्येकाला वेगळं काम देता येतं."

मालक वळले. "ताई, प्रत्येक कामाला दोघं लागतातच का? बटण बदलायला, दिवा बदलायला दोन माणसं कशाला?"

ताईंनी मागे वळून फळीकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे बघत राहिलो. बोला ना, ताई! मालकांच्या डोक्यात हे बसलं, तर सोमवारपासून मी एकटा लिफ्टच्या केबिनच्या छतावर, आणि गोगलगाय दुसऱ्या कुठल्या तरी इमारतीत.

शेवटी त्यांनी स्क्रीनला विचारलं, "बाई, दोघं पोहोचल्याशिवाय काम सुरूच होणार नाही, असं करता येतं?"

"एका कामावर दोघांना नेमता येतं, पण ते वरच्या प्लॅनमध्ये आहे. दुसरा येईपर्यंत काम अडवून ठेवायचं असेल, तर मला आमच्या टीमला विचारावं लागेल. तुमच्या यादीत ते नव्हतं ना, म्हणून मी तयारी केली नव्हती. तुम्ही गरज आणि तिचं कारण लिहून पाठवाल का?"

"यादीत का नव्हतं, ताई?" मालकांनी विचारलं.

"असतंच असं वाटलं," ताई म्हणाल्या.

मालक उठले. "ठीक आहे. कारण लिहा. पटलं तर वरचा प्लॅन घेऊ, नाहीतर साधा. वडिलांच्या काळापासून आहे, एवढ्यानं मला पटणार नाही हं." आणि आपल्या केबिनमध्ये निघून गेले.

मी लॅपटॉप पुढे ओढला. खरं सांगतो, मला वाटलं ताई नियम सांगतील. एक वरती मेन स्विचपाशी, एक खाली. ते तर मलाही पाठ आहे.

"लिही," ताई म्हणाल्या. "एकोणीस वर्षांपूर्वी एका रविवारी आमच्या कंपनीचा एक मेकॅनिक तक्रारीवर एकटा गेला. किरकोळ काम होतं. जोडीदार सुट्टीवर होता."

मी एका बोटानं लिहीत होतो. त्या माझ्यासाठी थांबत होत्या.

"त्यानं वरच्या खोलीत मेन बंद केला आणि खाली खड्ड्यात उतरला. रहिवासी ओरडायला लागले, म्हणून वॉचमननं वर जाऊन मेन चालू केला. त्याला अडवायला वर कोणी नव्हतं."

माझं बोट थांबलं. "ताई, हे कोण?"

"लिही ना रे. तो माझा नवरा होता. पुढच्या महिन्यात मोठ्या मालकांनी मला या खुर्चीवर बसवलं. तेव्हापासून मी कोणालाही एकटं पाठवलेलं नाही. कारण एवढंच आहे."

आठ वर्षं मी या बाईच्या हातून तक्रारी घेतोय. कितीदा चिडलोय तिच्यावर, की गोगलगाय उशिरा आला म्हणून मलाही दारात ताटकळत का ठेवता! मला स्वतःचीच लाज वाटली. डोळे पुसायला हात उचलला तर तो गळ्यात अडकलेला. शेवटी डाव्या हाताच्या बाहीला पुसले.

मेल मालकांनाही गेला. अर्ध्या तासानं ते बाहेर आले. हातात फोन तसाच. ताईंच्या टेबलाशी नुसते उभे राहिले. त्या वर्षी ते शाळेत असणार. वडिलांनी घरी कधी हे सांगितलंच नसावं. मग त्यांनी माझ्याकडून लॅपटॉप घेतला आणि स्वतः दोन ओळी लिहिल्या: बाहेरचे अठरा, ऑफिसात एक. दोघं आल्याशिवाय काम सुरू होत असेल, तर भाव पाठवू नका.

पुढच्या आठवड्यात डेमोवाल्या बाई पुन्हा स्क्रीनवर आल्या. थोडी जुळवाजुळव करावी लागली म्हणाल्या, पण झालंय. सुरुवातीचा एकदाच येणारा खर्चही त्यांनी सांगितला. मालकांनी मान डोलावली. मग बाईंनी एक खोटी तक्रार टाकली आणि एकट्या बुटक्याला इमारतीत पोहोचवलं. त्याच्या मोबाइलवर 'काम सुरू करा' असं बटण होतं. त्यांनी ते दाबलं.

बटण काही हललं नाही. वर लाल अक्षरांत आलं: जोडीदार अजून पोहोचलेला नाही. काम सुरू करता येणार नाही.

ताई खुर्चीत पुढे सरकल्या. "परत एकदा दाबता?"

बाईंनी दाबलं. लाल अक्षरं तशीच.

"अजून एकदा?"

मालक खाली बघत होते. बाईंनी काही न विचारता तिसऱ्यांदा दाबलं, आणि तिसऱ्यांदाही ते बटण एकट्या माणसाला नाहीच म्हणालं.

"अजून काही बघायचंय का, मॅडम?"

"नाही," ताई म्हणाल्या आणि पदरानं चष्मा पुसायला लागल्या. "एवढंच बघायचं होतं."