उंबऱ्याबाहेरचा बूट

"पोट अगदी ठीक आहे. पण या गुडघ्याचं तुम्ही काय करून ठेवलंत?"

नागपूरच्या सरकारी दवाखान्यात, बायकांच्या विभागातल्या डॉक्टरीणबाईंनी मला हे विचारले. मी मंदाला गुडघा दाखवण्यासाठी नेलेच नव्हते.

मंदा माझी थोरली मुलगी. त्या वेळी तिला एकोणीस वर्षे पूर्ण झाली होती. माझ्या अक्काने, म्हणजे सौंसरला दिलेल्या थोरल्या बहिणीने, मोहगावचे एक स्थळ सुचवले होते. पहिली बायको वारलेली, पदरी दोन मुले, संत्र्याचा बगीचा, वय माझ्याहून थोडे कमी. त्यांचे विचारणे एवढेच होते की पोलिओने पाय अधू झालेल्या मुलीला मूल होईल काय, आणि ते तरी धड निघेल काय. हे विचारण्यासाठी मी पांढुर्ण्याहून गाडीने मुलीला घेऊन आलो होतो. तिला मात्र मी काहीच विचारले नव्हते.

बाईंनी सांगितले, "पोलिओ आईकडून बाळाकडे जात नाही. मूलही होईल. आता हाडांच्या विभागात जा."

तिथल्या डॉक्टरांनी मंदाला टेबलावर झोपवले आणि पाय सरळ करून पाहिला. तो सरळ होईना. ते म्हणाले, "फ्लेक्शन कॉन्ट्रॅक्चर." म्हणजे पाय फार काळ दुमडलेला राहिला की मागच्या शिरा आणि स्नायू आखडतात व सांधा त्याच जागी अडकतो. पोलिओने पायातली शक्ती नेली होती. वाकडेपणा मागाहून आला होता.

"कॅलिपर दिवसातून किती वेळ घालते?" त्यांनी विचारले.

कॅलिपर म्हणजे पायाला दोन्ही बाजूंनी आधार देणाऱ्या लोखंडी पट्ट्या. त्या खाली चामड्याच्या बुटात बसवलेल्या असतात. आणि बूट आमच्या घरात उंबऱ्याच्या आत येत नाही, चुलीपाशी तर नाहीच. मंदा शाळेतून आली की तिची आई पट्टे सोडून कॅलिपर बाहेर चपलांपाशी ठेवी आणि मंदा घरभर बसून सरकत असे. गल्लीतल्या एका मुलालाही पोलिओच झाला होता. तो मुलगा असल्याने दिवसभर बाहेर असे आणि दिवसभर कॅलिपर घालत असे. त्याची उंची वाढली की नवा कॅलिपर येई. आमच्या मुलीची उंची वाढली तेव्हा आम्ही नवा आणला नाही, कारण तोवर तिची शाळाच सुटली होती.

मी डॉक्टरांना म्हणालो, "घरात बूट चालत नाही, जी."

त्यांनी तिचा पाय हळूच टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "पोलिओ मुलगा-मुलगी पाहून होत नाही. माझ्याकडे मात्र मुलगेच जास्त येतात."

शाळा का सुटली, हे येथे सांगितलेच पाहिजे, कारण पुष्कळ घरांत ते झाकून ठेवतात. शाळा लांब होती. त्याच रस्त्याने दुकानाला जाणारा ओळखीचा एक गृहस्थ मंदाला सायकलवर बसवून नेत असे. सातवीत असताना तिने आईला सांगितले की तो वाटेत थांबतो आणि नको तिथे हात लावतो. उतरून पळणे तिला शक्य नव्हते, हे त्याला ठाऊक होते. "लंगडीचं कोण आयकते?" असे तो तिला म्हणाला होता. आम्ही तिचे ऐकले आणि दुसऱ्या दिवसापासून तिला घरी बसवले. त्याला एका शब्दाने विचारले नाही. विचारले असते तर गावभर बोभाटा झाला असता आणि आधीच अधू असलेल्या मुलीला स्थळ मिळाले नसते, असा आमचा हिशोब होता. तो माणूस पुढेही आमच्याकडे येत राहिला. तो आला की मंदा सरकत आतल्या खोलीत जाई. त्याच खोलीत तिचा गुडघा आखडत गेला.

डॉक्टरांनी उपाय सांगितला. आधी आखडलेल्या शिरा सोडवण्याचे ऑपरेशन, मग दर काही दिवसांनी पाय थोडा थोडा सरळ करून नवे प्लास्टर, शेवटी नवा कॅलिपर आणि व्यायाम. "शक्ती परत येणार नाही," त्यांनी स्पष्ट बजावले. "पण पाय सरळ झाला तर ती स्वतःच्या पायांवर उभी राहील. काही महिने लागतील."

मोहगावची मंडळी थांबायला तयार नव्हती. अक्का दवाखान्यातच येऊन बसली.

"बापू, पायावर टाके दिसले तर तेही स्थळ हातचं जाईन. लग्न उरकून टाक. मंग नवरा पाहून घेईन."

"मंग त्यानं पाह्यलं नाही तर, आत्या?" मंदा खाटेवरून म्हणाली.

"तू चूप राय वं. मोठ्यायच्या मधात बोलून राहिली."

"पाय माहाच आहे ना. मी नाही तर कोण बोलन?"

शेजारच्या खाटेवरची म्हातारी खुदकन हसली. अक्का माझ्याकडे पाहू लागली. मी डॉक्टरांच्या खोलीत जाऊन ऑपरेशनला होकार दिला. धैर्य म्हणावे असे त्यात काही नव्हते. उशीर मात्र होता.

प्लास्टरचे महिने कठीण गेले. पाय ताणला की तिचे दात आवळलेले दिसत. पालथे झोपून मांडीचा ताण काढायचा व्यायाम ती सांगितल्याहून अधिक वेळ करी. तिच्या आईने दवाखान्यातच ठरवले होते की कॅलिपरचा बूट घरात, चुलीपर्यंत येईल. माझ्या आईने नाक मुरडले, तेव्हा मंदाची आई म्हणाली, "हा बूट नाही, सासूबाई. हा तिचा पाय होय." सायकलवाल्या गृहस्थाला मी दारातच सांगितले की पुन्हा आमच्या घरी येऊ नये, आणि का, तेही शेजाऱ्यांच्या देखत सांगितले. लोक बोलले. काही आमच्याविषयी, पण त्याच्याविषयीही बोलले.

मुलगी उभी राहते आहे, हे कानावर गेल्यावर मोहगावहून पुन्हा निरोप आला. आता त्यांची हरकत नव्हती. अक्का तो घेऊन पांढुर्ण्याला आली. या वेळी मी मंदाला हाक मारली आणि विचारले.

"बाबा, विचारून राहिले का सांगून राहिले?"

"विचारून राहिलो."

"मंग नाही. त्यायले पोरं सांभाळाले बाई पाह्यजे. मले आठवीची परीक्षा द्याची आहे."

"अन् जल्मभर कोण पोसन तुले?" अक्काने टोमणा मारला.

"परीक्षा तं देऊ दे, आत्या. नापास झाली तं तुह्याच घरी येतो."

अक्कालाही हसू आवरले नाही. चहा घेऊन ती गेली, पण जाताना माझ्याशी बोलली नाही.

शाळेने तिला वर्गात घेतले नाही. वय झालेले, वर्ग माडीवर, मुलींसाठी संडास नाही आणि काही झाले तर जबाबदारी कोणाची, असे त्यांचे म्हणणे. म्हणून ती बाहेरून परीक्षेला बसते आहे. लग्नाचे पुढे काय, ते मला माहीत नाही. ते आता ती ठरवील.

ज्यांच्या घरी अशी मुलगी आहे, त्यांना माझी विनंती आहे. कॅलिपर तिला घरातही घालू द्या, तिची उंची वाढेल तसा बदलून आणा, आणि तिने काही सांगितले तर तिला आत बसवू नका, त्या माणसाला बाहेर काढा. दोन्ही डॉक्टर मला रागावले, त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

मंदा शिकवणीला एकटी जाते. ती वळणाआड गेली की मला आजही भीती वाटते. ती भीती माझी आहे. त्या भीतीपायी मुलीला घरी बसवण्याचा अधिकार मला नाही, एवढे मी शिकलो. मी दारातून परत येतो आणि माझ्या कामाला लागतो.