पिवळी रेघ

यशपाल कारखान्याच्या फाटकातून आत आला की आधी बोटातली अंगठी काढायचा आणि डब्याच्या झाकणात ठेवायचा. पॅनेलला हात लावण्याआधी दोन्ही तळवे पँटला पुसायचा, कोरडे असले तरी. टेस्टर आधी चालू सॉकेटवर लावायचा, मग बंद केलेल्या तारेवर, मग परत चालू सॉकेटवर; मधेच टेस्टरच मेला असला तर, म्हणायचा. शेंगाचटणीचा शेवटचा घास सुटी होईपर्यंत राखून ठेवायचा. आणि भिंतीवर जे लिहिलंय ते पुटपुटत पूर्ण वाचायचा. ‘येथे थुंकू नये’सुद्धा. लिहिलंय म्हणजे कुणीतरी विचार करून लिहिलं असणार, असं त्याला मनापासून वाटायचं.

ऋतुजाच्या हे सगळं पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं. ती मूळची बार्शीची, पुण्यातल्या एका सल्लागार कंपनीत इंजिनिअर. चिंचोळी एमआयडीसीतल्या या टॉवेलच्या कारखान्यात ती एका अभ्यासासाठी आली होती. मोठ्या स्विचबोर्डात ठिणगीचा स्फोट झाला, तर समोर उभ्या माणसाच्या अंगावर किती उष्णता येईल, ते काढायचं होतं. यशपाल तिथला इलेक्ट्रिशियन. ट्रान्सफॉर्मरची पाटी, केबलची लांबी, प्रत्येक ब्रेकरचं सेटिंग, सगळं त्यानेच तिला दाखवलं.

तिने त्याला समजावून सांगितलं. उघड्या कातडीच्या चौरस सेंटिमीटरवर सव्वा कॅलरी पडली की फोड येतो. किती पडेल हे करंटवर ठरतं, तुम्ही किती जवळ आहात त्यावर ठरतं आणि सगळ्यात जास्त ठरतं ते ब्रेकर किती लवकर तुटतो यावर. ठिणगी पेटली की प्रत्येक क्षणाला उष्णता वाढत जाते.

“म्हंजे जाळ तेवढाच. तव्यावर किती वेळ ठेवलं त्याला महत्त्व,” यशपाल म्हणाला.

“तेवढंच, यशपालदादा.”

मेन ब्रेकरच्या वरच्या बाजूचा आकडा भयंकर आला. तिथे ठिणगी पेटली तर ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडचं, हाय टेन्शनचं संरक्षण चालायला हवं, आणि ते सावकाश चालतं. त्या कप्प्यावर लाल लेबल लागलं: चालू असताना उघडू नये. खालच्या फीडरना, म्हणजे एकेका विभागाला वीज नेणाऱ्या लाइनींना, मेन ब्रेकरचा आडोसा होता. तो एक दशांश सेकंद थांबून तुटायचा. तिथला आकडा आला सात कॅलरी. बारा कॅलरी झेलणारा आगरोधक सूट पुरेसा. सूट नसलेल्या माणसाने पावणेदोन मीटर लांब थांबायचं. शक्यतो मेन बंद करूनच काम करावं, हेही अहवालात होतंच.

लेबलं यशपालने स्वतः चिकटवली, कडा अंगठ्याने दाबून. मग विचारलं, “मॅडम, ह्या सातावर भरवसा ठेवू की?”

“आत्ताचं सेटिंग आहे तोवर ठेवा. ते हललं की आकडा खोटा.”

त्याने मान हलवली. सेटिंगला त्याच्याशिवाय हात लावणार कोण?

पुढचं तिला शिवयोगीने सांगितलं, सगळं होऊन गेल्यावर. शिवयोगी दुसऱ्या पाळीचा इलेक्ट्रिशियन, अक्कलकोटकडचा, यशपालच्या डब्यातला हक्काचा वाटेकरी. उन्हाळ्यात एका ड्रायरच्या मोटारीत शॉर्ट झालं. फक्त तिचा ब्रेकर तुटायला हवा होता. त्याच्याबरोबर मेनही तुटला. अख्खं डाइंग बंद पडलं, रंगात भिजलेला माल डागाळला. मॅनेजर हिंदुराव साहेब चिडले. पुन्हा असं झालं तेव्हा यशपाल मेव्हणीच्या लग्नाला करकंबला गेला होता. साहेबांनी फोनवरूनच शिवयोगीला सांगितलं की मेनला जरा दम धरायला लाव. शिवयोगीने बारीक स्क्रूड्रायव्हरने डायल फिरवला. एक दशांशचे चार दशांश झाले. खालचा ब्रेकर आधी तुटेल, मेन टिकेल. धंद्याच्या हिशेबाने बरोबरच होतं.

यशपालला सांगू का, असं त्याने विचारलं होतं. साहेब म्हणाले, त्याला सांगितलंस तर तो पुण्याच्या बाईला बोलावून परत सगळं मोजायला लावील.

लेबलवरचा सात तसाच राहिला. मेन तुटायचा थांबला, तेव्हा यशपाल खुशीत म्हणाला होता, लाइन सुधारली बघ.

त्या दिवशी तो बोर्डासमोर फरशीवर पिवळी रेघ ओढत होता. पावणेदोन मीटरची हद्द. ऋतुजाने अहवालात सुचवली होती, कारखान्याने मनावर घेतली नव्हती. शेवटी त्याने स्टोअरमधून रंगाचा डबा मागून घेतला. उकिडवा बसून, दोरी ताणून रंगवत होता. तेवढ्यात हिंदुराव आले. एक फीडर ब्रेकर नीट बसत नव्हता, तो बाहेर ओढून बघायचा होता. यशपालने मेन बंद करायला मागितला, थोड्या वेळासाठीच.

“माल रंगात आहे,” हिंदुराव म्हणाले. “तूच लावलंस की लेबल. सात लिहिलंय ना? सूट घाल आणि ओढ. का वाचता येत नाही?”

आजूबाजूचे हसले. यशपालही हसला. अंगठी जेवणाच्या डब्याच्या झाकणातच होती. त्याने सूट घातला, तोंडावर ढाल घेतली, हातमोजे चढवले, नुकत्याच पाळीवर आलेल्या शिवयोगीला रेघेपलीकडे उभं केलं. ब्रेकर दार लावून हलेना, म्हणून दार उघडलं. ब्रेकर बाहेर काढायचा दांडा फिरवला. मागचे संपर्क तिरके सुटले आणि ठिणगी पेटली.

मेनने दम धरला. सांगितल्यासारखा.

शिवयोगीच्या भुवया आणि हात भाजले. रेघेच्या बाहेर उभा होता तरी.

ऋतुजा दवाखान्यात पोचली तेव्हा यशपालचं तोंड पट्ट्यांत होतं. त्याची बायको चांगुणा पायाशी बसली होती, कारण हात धरायला हात मोकळा नव्हता. तो पुटपुटत बोलला, पाटी वाचल्यासारखा.

“मॅडम, सात होतं की. मी वाचलं.”

“हो दादा.”

“सूट उलटा तर न्हाय ना घातला मी?”

ती म्हणाली, बरोबर घातला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला.

चौकशी झाली. तोवर डायल परत एक दशांशवर आला होता. लेबल खरं, सेटिंग खरं. मग खोटं कोण? कामगाराने चालू बोर्डाचं दार उघडलं, असा निष्कर्ष निघाला. शिवयोगीने चहाच्या टपरीवर ऋतुजाला सगळं सांगितलं होतं, पट्टी बांधलेल्या हातांत कप न धरता. चौकशीत विचारलं तेव्हा तो म्हणाला, मला काही माहीत न्हाय. त्याला दोन लहान मुली होत्या. ऋतुजाने हिंदुरावांच्या कंपनीला कळवलं, पुण्यातल्या स्वतःच्या साहेबांनाही. अभ्यास आपला चोख होता, आता तो विषय वाढवू नको, असं पुण्याहून उत्तर आलं.

चांगुणाने तिला एकच विचारलं. “त्यांनी दार का उघडलं? एवढे भिऊन वागणारे.”

ऋतुजाने सांगितलं. सगळं, नावांसकट. चांगुणाने ऐकून घेतलं. मग म्हणाली, “हे तिकडं कुणी लिहून देईल?”

ऋतुजा म्हणाली, मी देईन. चांगुणाने तिच्याकडे बघितलं. विश्वास ठेवल्यासारखं नव्हे.

लिहायचं तर आकडा हवा. तिने चार दशांश घालून हिशेब पुन्हा केला. ब्रेकरला प्रत्यक्ष उघडायला लागणारा वेळ दोन्हीकडे सारखाच, म्हणून चौपट नाही, पण साताचे जवळजवळ वीस झाले. बारा कॅलरीच्या सुटात वीस. हद्द साडेतीन मीटरवर गेली, शिवयोगी उभा होता त्याच्याही मागे.

शेवटचं मोजमाप घ्यायला ती बोर्डासमोर गेली. जळका कप्पा पत्र्याने झाकला होता, शेजारी नवी लेबलं लागली होती, कडा उचललेल्या. फरशीवरची पिवळी रेघ डावीकडून सरळ आली होती आणि त्या कप्प्याच्या समोरच थांबली होती. पुढे नुसती दोरी ताणलेली. टोकाला रंगाचा डबा, त्यावर आडवा ठेवलेला ब्रश. केस वाळून दगड झालेले. परत येऊन उरलेली ओढायची, म्हणून त्याने तो नीट ठेवला होता.