छोट्या डब्यांचा हिशेब

खामगावात माझ्या मामाचं रंगाचं दुकान होतं आणि त्याच्या वह्या मी लिहायची. बी.कॉम. झालेली भाची फुकटात मिळाल्यावर मुनीम कोण ठेवणार? महिन्यातून चार दुपारी मी तिथे बसायची, टर्पेंटाइनच्या वासानं डोकं धरायचं, आणि मामा म्हणायचा, "चहा घे, म्हणजे उतरते."

काउंटर चाचा सांभाळायचे. ते मामाकडे वीसेक वर्षं होते. हातानं रंग मिसळून गिऱ्हाइकानं आणलेल्या टवक्याशी तंतोतंत जुळवून द्यायचे. गल्ल्याची किल्ली त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असायची. मामा गावाला गेला तरी दुकान चालायचं ते त्यामुळेच.

त्या वर्षी सप्टेंबर संपल्यावर मी सहामाही हिशेब काढला. गेल्या वर्षी एप्रिल ते सप्टेंबर विक्री सात लाख होती, यंदा सात लाख छप्पन हजार. ढोबळ नफा मात्र एक लाख तीस हजारांवरून अठ्ठ्याण्णव हजार चारशेवर आलेला. हे दोन आकडे मी मामाच्या पुढ्यात ठेवले आणि बाजार आटपायला निघून गेले. याचा राग मला आजही येतो, आणि तो मामावर नाही, माझ्यावर येतो. नुसते दोन आकडे हातात दिले की माणूस तिसरी गोष्ट स्वतः बनवतो.

मामानं ती संध्याकाळपर्यंत बनवली. विक्री वाढली आणि नफा घटला म्हणजे मधल्यामध्ये कोणीतरी खाल्ला. दुकानात दुसरं होतं कोण? चार गिऱ्हाइकांसमोर त्यानं चाचांकडून किल्ली मागून घेतली. चाचांनी किल्ली काउंटरवर ठेवली, हात पुसले आणि घरी गेले. मला हे दुसऱ्या दिवशी समोरच्या बियाण्याच्या दुकानदाराकडून कळलं.

"मंग काय करू?" मामा माझ्यावरच उखडला. "तूच आणला नं तो कागद? माल जास्त गेला, पैसा जास्त आला, अन् नफा कमी. हे कसं होते, सांग मले."

"होतं, मामा."

"कसं होते? रविवारपर्यंत दाखव. नाई तर म्या दुसरा माणूस पाह्यला आहे."

डोक्यात तिडीक गेली, पण वही उघडली. आधी चोरीचाच सोक्षमोक्ष लावला. सुरुवातीची शिल्लक, त्यात खरेदी, त्यातून विक्री वजा, आणि उरलेला प्रत्येक डबा शिडीवर चढून मोजला. लिटरला लिटर जुळला. मग बिलांवरचे दर मामाच्या स्वतःच्या दरपत्रकाशी ताडले. एकही बिल खाली नव्हतं. माल बाहेर गेला नव्हता आणि दरही कोणी पाडला नव्हता. मग विक्री दोन ढिगांत वाटली. एका बाजूला ऑइलपेंटचे छोटे डबे, दुसऱ्या बाजूला भिंतीच्या रंगाच्या वीस-वीस लिटरच्या बादल्या. आणि मी कपाळावर हात मारला.

रविवारी मामाला कागद समोर घेऊन बसवलं.

"गेल्या साली ऑइलपेंट दोन हजार लिटर गेला. लिटरमागं आपल्याला पन्नास रुपये सुटत. बादल्यांचा रंग तीन हजार लिटर, त्यात सुटत दहा. मिळून पाच हजार लिटर, सरासरी लिटरमागं सव्वीस रुपये. बरोबर?"

"हाव."

"यंदा सहा हजार लिटर विकले. हजार लिटर जास्त. जुन्याच प्रमाणात विकले असते तर सव्वीस हजार जास्त मिळाले असते."

"तेच तं म्हणतो मी. मंग ते गेले कुठी?"

"प्रमाण तेच कुठं राहिलं? ऑइलपेंट दोन हजारांवरून बाराशेवर आला, बादल्या तीन हजारांवरून चार हजार आठशेवर गेल्या. पन्नास सुटणारा माल घटला, दहा सुटणारा वाढला. जुन्या प्रमाणानं ऑइलपेंट चोवीसशे जायला हवा होता; उरलेल्या बाराशे लिटरमागं चाळीस-चाळीस रुपये, असे अठ्ठेचाळीस हजार गेले."

मामानं कागदावरच्या आकड्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "पण भाव तं म्या वाढवला."

"वाढवला. ऑइलपेंटचा दहानं वाढवला, खरेदीही दहानंच वाढली, तिथं बरोबरी झाली. बादलीच्या रंगाचा तुम्ही लिटरमागं पाचनं वाढवला आणि कंपनीनं सातनं. चार हजार आठशे लिटरवर दोन-दोन रुपये घरचे घातले. नऊ हजार सहाशे. आता बेरीज करा. सव्वीस हजार अधिक, अठ्ठेचाळीस हजार उणे, नऊ हजार सहाशे उणे. एकतीस हजार सहाशे उणे. तुमची तूट तेवढीच आहे, रुपयाचाही फरक नाही. चाचांनी खायला यात जागा कुठे आहे?"

त्यानं कागद उलटा केला, सुलटा केला. मला त्याची दया आली नाही. कारण बादल्या का वाढल्या ते मला ठाऊक होतं आणि त्यालाही. कंपनीनं बँकॉकची सहल लावली होती, ठरलेले लिटर विकतील त्या दुकानदारांसाठी. लिटर मोजायचे होते, नफा नाही. मामानं एका ठेकेदाराला शाळांच्या भिंतींसाठी जेमतेम नफ्यावर बादल्या दिल्या, आणि त्या ठेवायला जागा हवी म्हणून दर्शनी फळीवरचे छोटे डबे माळ्यावर टाकले. तेही पोळ्याच्या आधी पंधरा दिवस. पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावायला लाल-पिवळ्या रंगाचे छोटे डबे आमच्याकडून जात, तेच आमचं खरं पीक.

तसं पीक आधीच उतरलं होतं. बीटीचं बियाणं आल्यावर पहिली दोन-तीन वर्षं कापसानं हात दिला आणि लोकांनी दारं-खिडक्या, फाटकं, बैलगाड्या रंगवून घेतल्या. मग बियाण्याच्या आणि फवारणीच्या खर्चानं सगळं ओढून नेलं. दारं तशीच राहिली आणि कित्येक गोठ्यांतून बैलही गेले. ते मामाच्या हातात नव्हतं. पण जो एक बैल उरला, त्याची शिंगं तर माणूस रंगवतोच.

संध्याकाळी मी चाचांच्या घरी गेले. त्यांनी कागद हातात घेतला नाही.

"बेटी, मले कागद कायले दाखवतं? पोळ्याच्या टायमाले माणसं यायची, चाचा, शिंगाचा लाल द्या. म्या शिडी लावायचो तं तुझा मामा म्हणे, राहू द्या, दोन रुपयाच्या मालासाठी ठेकेदाराले उभं करू नका. किती माणसं वापस गेली, म्या मोजली नाई. त्याले सांगतलं होतं म्या."

तीन दिवस मी हिशेब केला तेव्हा जे सापडलं, ते काउंटरवरच्या माणसाला पोळ्यालाच माहीत होतं. त्याला कोणी विचारलं नाही, मीसुद्धा नाही.

सोमवारी मामा स्वतः जाऊन त्यांना घेऊन आला. माफी मागणं त्याच्या स्वभावात नव्हतं. रस्ताभर तो पावसाबद्दल बोलत आला असणार. दुकानात शिरल्यावर त्यानं खिशातून किल्ली काढली आणि पुढे केली.

चाचांनी किल्लीकडे पाहिलं. "ते तुमच्यापाशीच राहू द्या, शेठ," ते म्हणाले.

वीस वर्षांत त्यांनी मामाला शेठ कधी म्हटलं नव्हतं, नेहमी भाऊ म्हणायचे. मग त्यांनी शिडी ओढली आणि माळ्यावरचे छोटे डबे एकेक करून खाली काढायला लागले. मी खालून झेलत होते, मामा किल्ली हातात घेऊन उभा होता.

मामा बँकॉकला जाऊन आला. फोटो दाखवायचा. पण गल्ला मात्र पुढची सगळी वर्षं त्यालाच उघडावा लागला.