शेवटी ढकललेलं वाक्य

उमरेडच्या बातमीदाराने खाणीतल्या अपघाताची बातमी एसटीने पाठवली होती, पण वाक्यं सगळी विस्कटलेली. नागपूरच्या त्या वर्तमानपत्रात मी उपसंपादक होतो. मी परिच्छेद असा लावला: मजुरांना कड्याला पडलेली भेग दिसली. खाणीच्या साहेबांनी काम थांबणार नाही असं सांगितलं. मजूर त्याच कड्याखाली उतरले. कडा कोसळून दोघे दगावले. प्रत्येक वाक्य आधीच्या वाक्याचं बोट धरून चालत होतं.

सकाळी अंक पाहिला आणि तळपायाची आग मस्तकात गेली. मुख्य उपसंपादकाने साहेबांचं वाक्य उचलून शेवटी टाकलं होतं. आता मजूर भेग दिसूनही आपल्या मर्जीने खाली उतरत होते, आणि अपघातानंतर साहेब मोठ्या धीराने काम चालू ठेवत होते!

मी भांडायला गेलो, तर तो पान चघळत म्हणाला, "एक शब्द तरी बदलला काय गा मी? काहून तापून राहिला?"

दुपारी मेलेल्या एका मजुराचा भाऊ तोच अंक घेऊन आला.

"यात खोटं काहीच नाही जी," तो मला म्हणाला. "मग माह्या भावानं जाणून जीव दिला, असं काहून वाटते वाचून?"