तेल लावलेलं डोकं आणि एक रुपयाची पुडी

अमेरिकेत, शिकागोजवळच्या शॉमबर्गमधल्या आमच्या शाम्पू कंपनीच्या ऑफिसात भारतातल्या खेड्यांबद्दल काही अडलं की सगळे माझ्याकडे बघायचे. मी नागपूरची, त्यातही धरमपेठेतली. खेडं पाहिलं ते एसटीच्या खिडकीतून, आणि तेही डुलक्या काढत. पण शाम्पू कसा बनतो हे कळणारी आणि साडी नेसता येणारी अशी त्या मजल्यावर मी एकटीच होते, त्यामुळे तिकडच्या यच्चयावत खेडवळ बायकांची प्रतिनिधी मीच ठरले. मीही कधी फारशी तक्रार केली नाही. प्रतिनिधीला मीटिंगमध्ये चांगली कॉफी मिळते.

आमच्या टीमचं काम एकच होतं, खेड्यात विकली जाणारी एक रुपयाची शाम्पूची पुडी. सुगंधी द्रव्यं महागली होती, पुडीचं प्लास्टिक महागलं होतं, आणि एका रुपयात कंपनीला काही उरत नव्हतं. आमच्या विभागाच्या साहेबांनी सांगून टाकलं की पुडी वर्षभरात फायद्यात आणा, नाहीतर ती बंद करू आणि टीमही बंद करू. टीमची प्रमुख तिकडेच, न्यू जर्सीतल्या आयसेलिनमध्ये जन्मलेली मराठी मुलगी होती. तिची ही पहिलीच मोठी जबाबदारी. मीटिंगमध्ये ती माझी बॉस असायची आणि बाहेर पडलं की मला काकू म्हणायची.

साहेबांचा पहिला उपाय सोपा होता. पुडी दीड रुपयाला करा. मी म्हटलं, आठ आणे आता कुणी घेत नाही, दुकानदार सुट्ट्याऐवजी गोळी हातावर ठेवतो. साहेब म्हणाले, मग फोनवरून पैसे देतील, तिकडे तर सगळे फोनवरूनच देतात म्हणे. एका पुडीसाठी फोन काढणारी बाई आणि तो व्यवहार आनंदाने घेणारा दुकानदार मला दाखवा, असं म्हणायचं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. मी एवढंच सांगितलं की या पुडीची किंमत आपण ठरवत नाही, नाणं ठरवतं. एक किंवा दोन. दोन केले तर दुकानात शेजारी दुसऱ्या कंपनीच्या एक रुपयाच्या पुड्यांची माळ टांगलेली असतेच.

मग राहिला दुसरा उपाय, जो या धंद्यात सगळेच करतात. किंमत तीच, माल कमी. साडेपाच मिलीचे चार मिली करायचे. मापाचा आकडा पुडीवर छापावा लागतो, पण बारीक अक्षरात. आता प्रश्न एवढाच, की चार मिलीत एक डोकं धुऊन होतं का? कारण पुडीवर ठळक अक्षरात लिहिलेलं होतं, ‘एक पुडी, एक न्हाणं’. ते वाक्य मीच सुचवलं होतं आणि मला ते फार आवडायचं.

चाचणी तळमजल्यावरच्या आमच्या सलूनमध्ये झाली. क्षार काढून टाकणाऱ्या सॉफ्टनरमधून आलेलं कोमट पाणी, उंची खुर्च्या, मंद संगीत. मार्केटिंगमधल्या मुली रांगेने डोकी घेऊन बसल्या. त्या रोज केस धुणाऱ्या, म्हणजे धुतलेलेच केस पुन्हा धुतले गेले. चार मिलीत फेस उतू गेला. साहेब म्हणाले, तीन मिली करून बघू का?

मला राग आला. मी विचारलं, केसांना तेल कुणी लावलं होतं? कुणीच नाही. आमच्याकडे बाई आदल्या दिवशी खोबरेल चोपडते आणि आठवड्यातून एकदा न्हाते, तेही बोअरच्या जड पाण्याने, ज्यात फेस आधीच मान टाकतो. कमरेपर्यंतचे केस निराळेच. हे सांगून कुणाला पटेना, म्हणून मी स्वतःच पुढे झाले. माझे केस कमरेपर्यंत नसले तरी पाठ झाकतील एवढे आहेत. रविवारी भरपूर तेल चोपडून सोमवारी तशीच ऑफिसला गेले. लिफ्टमधल्या दोघांनी माझ्याकडे पाठ केली. लॅबमध्ये पाण्यात क्षार मिसळून ते बोअरसारखं जड केलं आणि चार मिलीची एक पुडी डोक्यावर ओतली.

फेस आलाच नाही. केस वाळल्यावरही चपचपीत राहिले, आणि मी तशीच दुपारच्या मीटिंगला जाऊन बसले. आमच्या प्रमुख मुलीने मागून येऊन केसांना हात लावला आणि हळूच म्हणाली, “काकू, इट्स ऑल स्टिल देअर. सेम आईच्या केसांसारखं.” तिला कळलं होतं. पण टीम वाचवायची होती, आणि पुडीत साडेपाच मिली ठेवून ती वाचत नव्हती.

तिने तरी मीटिंगमध्ये विषय काढला, याचं श्रेय मी तिला देईन. साहेबांनी शांतपणे ऐकलं, माझ्या डोक्याकडे बघितलं, आणि तेल लावलेलं डोकं ही एज केस आहे असं जाहीर केलं. म्हणजे क्वचित घडणारी गोष्ट. शिवाय, ते म्हणाले, एका पुडीत भागलं नाही तर बाई दोन घेईल, उलट चांगलंच.

माझी चुलतबहीण यवतमाळकडच्या एका गावात नवऱ्याबरोबर किराणा दुकान चालवते. संध्याकाळी तिला फोन केला आणि विचारलं, बायका दोन पुड्या घेतील का? ती म्हणाली, “दोन कायले घेतील? बाजूची माळ दिसत नाही का त्याहिले?” हे मी दुसऱ्या दिवशी इंग्रजीत सांगितलं. इंग्रजीत ते फारच सौम्य झालं.

शेवटी तोडगा निघाला. ‘एक पुडी, एक न्हाणं’ हे खोटं ठरू नये म्हणून काय करायचं? डिझाइनवाल्यांनी पुडीवरच्या बाईचे केस कापले. आधी तिची वेणी कमरेपर्यंत होती, आता केस खांद्यावर आले. खांद्यावरच्या कोरड्या केसांना चार मिली पुरतात, म्हणजे आमचं वाक्य खरं. वकिलांनाही ते आवडलं. मी हसले नाही, कारण बाकी कुणीच हसत नव्हतं.

काही महिन्यांनी बहिणीने दुकानाचा फोटो पाठवला. आमची माळ छतापासून खालपर्यंत अख्खी लोंबत होती. शेजारच्या माळेला दोनच पुड्या उरल्या होत्या. बायका एकदा न्हाल्या, तेल निघालं नाही, संपला विषय. तो फोटो मी सगळ्यांना दाखवला. त्यावर कंपनीत रीतसर विचार झाला आणि निष्कर्ष निघाला, की खेड्यातल्या बायका आखूड केसांच्या आधुनिक रूपाला अजून तयार नाहीत.

पुडी बंद झाली. टीम मात्र पूर्ण बंद झाली नाही, आम्हा दोघींना दुसरीकडे हलवलं. आता आम्ही कुत्र्यांच्या शाम्पूवर काम करतो. पहिल्याच मीटिंगमध्ये साहेबांनी पुढे वाकून काळजीने विचारलं, कुत्र्याचे केस किती लांब असतात, धुण्याआधी तो किती मळलेला असतो, आणि घरचं पाणी जड असलं तर? मग त्यांनी चिखलात लोळलेली खरी कुत्री मागवली. लांब केसांच्या कुत्र्यासाठी मोठी बाटली ठरली. प्रमुख मुलीने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे, आणि दोघींनी वहीत ‘लांब केस, जास्त शाम्पू’ असं लिहून घेतलं.