मंगळवारी आलेली बाई

वडवणीच्या बँकेत मी तीन नंबरच्या खिडकीवर बसायचे. नोटबंदी होऊन वर्ष-दीड वर्ष झालं होतं. जे कधी बँकेची पायरी चढले नव्हते त्यांच्याही खिशात तेव्हा एटीएम कार्ड आलं होतं, आणि कार्डाबरोबर नवे घोटाळे आले होते. त्यासाठी एक नवा नियमही आला होता. तो मला पाठ होता. मी सांगणार आहे ते त्यामुळेच जास्त लाजिरवाणं आहे.

नियम असा. ग्राहकाच्या चुकीशिवाय आणि बँकेच्याही चुकीशिवाय, तिसऱ्याच कुणीतरी खात्यातून पैसे काढले, तर बँकेचा मेसेज मिळाल्यापासून कामाच्या तीन दिवसांत ग्राहकाने कळवायचं. मेसेजचा दिवस मोजायचा नाही, सुट्ट्या मोजायच्या नाहीत. तीन दिवसांत कळवलं तर ग्राहकाचं एक पैशाचंही नुकसान नाही. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवलं तर साध्या बचत खात्याला प्रत्येक व्यवहारामागे दहा हजारांपर्यंतचा भार ग्राहकावर. सातव्या दिवसानंतर बँकेचं धोरण सांगेल ते. आणि ग्राहकाने स्वतःच पिन कुणाला दिला असेल, तर कळवेपर्यंतचं सगळं नुकसान त्याचंच. कळवल्यानंतर जे जाईल ते मात्र बँकेचं.

त्या मंगळवारी दुपारभर कॉम्प्युटरची लिंक येत-जात होती. चारला व्यवहार बंद झाले आणि मी हिशोब जुळवायला घेतला. जाळीसमोर कुणीतरी उभं आहे एवढं जाणवलं. काळ्या बुरख्याची बाही आणि हातातलं पासबुक दिसलं.

"म्याडम, जरा बघता का? मशीनमधून पैसे निघंनात. चिठ्ठीवर तीनशेच हायेत म्हनते."

"लिंक नाही. उद्या या," मी म्हणाले.

"पन म्याडम, पैसे लई व्हते. कुटं गेले काय की."

"एंट्री मारल्याशिवाय कसं कळणार? उद्या सकाळी या."

मी मान वर केली नाही. कार्ड बंद करायचा टोल फ्री नंबर माझ्या मागच्या भिंतीवरच लावलेला होता, तोही सांगितला नाही. थोड्या वेळाने पाहिलं तेव्हा समोर कुणी नव्हतं.

बुधवारी दार उघडायच्या आधीच ती पायरीवर बसलेली होती. चाळिशीची बाई, बोटांवर शिवणकामाच्या सुईच्या बारीक खुणा. पासबुक मशीनमध्ये घातलं आणि गेल्या गुरुवारच्या तारखेला चार ओळी छापून आल्या. दहा हजार, दहा हजार, दहा हजार, दहा हजार. चारही वेळा परराज्यातल्या एका एटीएममधून.

"चाची, कार्ड कुठंय?"

तिने पदराला बांधावं तसं रुमालात गुंडाळलेलं कार्ड काढून काउंटरवर ठेवलं. मी आधी ते बंद केलं आणि तिला साहेबांच्या केबिनमध्ये नेलं.

साहेब निवृत्तीला एक वर्ष राहिलेले, सावध माणूस. त्यांनी शांतपणे विचारलं, "पिन कुणाला सांगितला होता का? फोनवर कुणी विचारलं?"

"न्हाई साहेब. पिन मला अन् पोरीच्या बापाला ठावं व्हता. ते तर गेले." बाईने मान खाली घातली. "धागे अन् अस्तर आनाया बीडला गेलते, तवा तिथल्या मशीनीत कार्ड घातलंतं. काल इथं घातलं ते सोडलं तर दुसरं कुटंच न्हाई."

बीडच्या त्या मशीनवर कार्डाची नक्कल करणारं काहीतरी बसवलेलं होतं, हे पुढे कळलं. आणखी काही जणांचे पैसे तसेच गेले होते.

"मेसेज आला असंल ना तुम्हाला?" साहेब म्हणाले.

"आला."

"कधी?"

"जुम्मेरातच्या दिसी, गुरुवारी. फोन चार बार वाजला."

मग तिने जे सांगितलं ते ऐकून साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. खातं तिचं होतं, पण त्याला नंबर नवऱ्याचा लावलेला होता. नवरा फळांचा गाडा लावायचा, आठ महिन्यांपूर्वी वारला. त्याचा फोन तिने कपाटात ठेवला होता, रोज चार्ज करत होती, रिचार्जही मारत होती. उघडत मात्र नव्हती. वाचता थोडंफार येत होतं, तरी नाही.

"कावून पण?" 'का'ऐवजी साहेबांच्या तोंडून गावचाच शब्द गेला.

"वाजला की वाटतं, त्यायला अजून कुनीतरी याद करतंय," ती म्हणाली. "गुरुवारी चार बार वाजला तवा मला बरं वाटलं साहेब. म्हनलं आज लई जन याद करायलेत."

त्या फोनच्या चार आवाजांत नवऱ्याचा गाडा, वजनकाटा आणि कोपऱ्यावरची जागा विकून आलेले चाळीस हजार चालले होते. मुलीला नर्सिंगला घालायचं म्हणून ते ठेवले होते. पलीकडच्या खोलीत बाई ब्लाऊजला हुक लावत बसली होती आणि तिला बरं वाटत होतं.

तक्रार अर्ज मीच भरला. 'घटना कळवल्याची तारीख' या रकान्याशी पेन थांबलं. साहेबांनी बोटांवर मोजलं. "गुरुवार सोडा. शुक्रवार एक. शनिवार महिन्यातला दुसरा, म्हणजे सुट्टी. रविवार. सोमवार दोन, मंगळवार तीन. आज चौथा." त्यांनी उसासा सोडला. "एका दिवसानं हुकलं बघा."

चार व्यवहार, प्रत्येकी दहा हजार. चौथ्या दिवशी प्रत्येकामागे दहा हजारांपर्यंतचा भार तिचा. म्हणजे सगळेच.

बाई माझ्याकडे बघत होती. ती म्हणू शकली असती की मी काल आले होते. ती बोलली नाही. माझ्यावर विसंबली असेल, किंवा कालच्या येण्याला किंमत असते हेच तिला माहीत नसेल. मी रकान्यात बुधवारची तारीख लिहिली आणि तिला सही करायला सांगितलं. तिने जपून, एकेक अक्षर काढत सही केली.

दहा कामाच्या दिवसांच्या आत तिच्या खात्यात चाळीस हजार दिसू लागले. तपास पूर्ण होईपर्यंतची ती तात्पुरती जमा, काढता न येणारी. ती आठवड्यातून एकदा यायची, पासबुकावर ती ओळ बघायची आणि विचारायची, "हायेत ना म्याडम?"

"आहेत. पण अजून तुमचे नाहीत."

"बरं," म्हणून ती जायची.

त्याच दिवसांत मला आवाज ऐकू यायला लागले. कुणाचाही फोन वाजला की मी दचकायचे. घरी स्वयंपाक करताना नवऱ्याच्या फोनवर मेसेज आला की हात थांबायचा आणि मी मोजायला लागायचे, एक, दोन, तीन. चौथा वाजला नाही तरी मी त्याची वाट बघत राहायचे. नवऱ्याने एकदा विचारलं, "काय झालंय तुला?" मी म्हणाले, झोप होत नाही. तेही खरंच होतं.

दोन महिन्यांनी मुख्य कार्यालयाकडून पत्र आलं. मेसेज गुरुवारी पोचला, तक्रार चौथ्या दिवशी आली, तरी शाखेला आणखी काही सांगायचं असल्यास कळवावं, नाहीतर तात्पुरती जमा मागे घेतली जाईल. तक्रारीचा निकाल नव्वद दिवसांत लावावा लागतो, त्यामुळे घाई होती.

त्या संध्याकाळी साहेब गेल्यावर मी कॅमेऱ्याच्या रेकॉर्डिंगचं यंत्र सुरू केलं. आमच्याकडे रेकॉर्डिंग साधारण तीन महिने राहायचं, मग पुसलं जायचं. मंगळवार काढला. चार वाजून आठ मिनिटं.

वरून दिसत होते मी, माझा भांग, माझे नोटा मोजणारे हात. जाळीपलीकडे ती. ती बोलते. मी मान न उचलता काहीतरी म्हणते. ती पुन्हा बोलते. मी हाताने, माशी वारावी तसा, इशारा करते. मला तो इशारा अजिबात आठवत नव्हता. मग ती जात नाही. पासबुक छातीशी धरून उभीच राहते, अकरा मिनिटं. त्या अकरा मिनिटांत मी तीनदा उठले, एकदा पाणी प्यायले, शेजारच्याशी हसले. आवाज नव्हता. त्या हसण्यालाही आवाज नव्हता. नंतर ती मागे वळून वळून बघत दाराबाहेर गेली.

मी ते पुन्हा बघितलं नाही. बघायची गरजही उरली नाही, आजही डोळे मिटले की वरूनच दिसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांच्या टेबलावर मी कागद ठेवला. 'सदर ग्राहक मंगळवारी, म्हणजे तिसऱ्या कामाच्या दिवशी, शाखेत येऊन पैसे गेल्याचं तोंडी सांगून गेली होती. मी तिची दखल घेतली नाही आणि कार्डही बंद केलं नाही. रेकॉर्डिंग जपून ठेवावं.'

साहेबांनी चष्मा काढला. "हे इतक्या दिवसांनी?"

"हो."

"मेमो मिळंल. बढतीचं नाव यादीत आहे तुमचं."

"माहीत आहे."

"अन् मलाही विचारतील, शाखेत काय चाललंय म्हणून." त्यांनी चष्मा लावून कागद पुन्हा वाचला. मग म्हणाले, "माझी मुलगी नर्सच आहे," आणि कागदावर शाखेचा शिक्का मारून सही केली. रेकॉर्डिंगची प्रत त्यांनी स्वतः काढली.

निकाल तिच्या बाजूने लागला. तिने वेळेत कळवलं होतं आणि पुढची चूक शाखेची होती, म्हणून तिच्यावर काही भार नाही. तात्पुरती जमा कायमची झाली. मला मेमो आला, बढती गेली आणि बदली घाटनांदूरला झाली. यातलं काही मला जास्त वाटलं नाही.

जायच्या आधी तिला बोलावून मी सगळं सांगितलं. तुम्ही मंगळवारी आलात ते मी दडवलं, दोन महिने दडवलं.

"मला ठावं व्हतं," ती म्हणाली.

"मग बोलला का नाहीत?"

"तुमी लिवत व्हत्या म्याडम. लिवनाऱ्याला काय म्हनावं?"

मी माफी मागितली. तिने माफ केलं असं म्हटलं नाही, रागही केला नाही. मी खात्याला नवा नंबर लावायचा अर्ज तिच्यापुढे ठेवला. तिने मुलीचा नंबर सांगितला, सही केली. अर्ज माझ्याकडे सरकवताना तिने विचारलं, "मंग आता त्यांच्या फोनवर बँकेचं काहीच यायचं न्हाई का?"

"नाही येणार," मी म्हणाले.

ती उठली, बुरखा सारखा केला आणि मुलीच्या फीचा भरणा कोणत्या खिडकीवर घेतात ते विचारून त्या रांगेत जाऊन उभी राहिली.